जातककथा आणि बोध काढण्याचा तास : तिसरी-चौथीसाठी काय करावे?

शनिवारचीशाळा

दांडिया बाजारातील आमच्या वाड्यात दर शनिवारी सकाळी मी तिसरी-चौथीच्या अठरा मुलांचा मराठीचा वर्ग घेते. मुले घरी मराठी बोलतात, शाळेत गुजराती किंवा इंग्रजी. महिन्यातून एक तास जातककथेसाठी राखून ठेवलेला असतो आणि त्यात मुलांनी कथेचा बोध आपल्या वाक्यात सांगावा, अशी माझी अपेक्षा असते.

गेल्या शनिवारी लाव्यांची गोष्ट घेतली. पारधी जाळे टाकतो, लावे एकजुटीने जाळ्यासकट उडून जातात, पुढे त्यांच्यात भांडण लागते आणि सगळे पकडले जातात. गोष्ट अजून भांडणापर्यंतही पोचली नव्हती, तोच एका मुलाने हात वर करून सांगितले, ‘एकी हेच बळ.’ दुसरी म्हणाली, ‘संप त्यां जंप.’ (गुजरातीतला संप म्हणजे एकोपा, आपल्या मराठी संपाने काय होते ते वडीलधाऱ्यांना विचारावे.) दोन्ही उत्तरांना चुकीचे कसे म्हणणार? पण गोष्ट संपल्यावर मी विचारले, ‘एकी हेच बळ हे त्या लाव्यांनाही ठाऊक होते, रोज ते तसेच तर सुटत होते, मग ते सापडले कसे?’ यावर अठरा मुलांपैकी एकही बोलले नाही.

माझी अडचण ही आहे की मुले बोध काढत नाहीत. आधीच तयार असलेला बोध आठवून सांगतात. गोष्टीतून तो बाहेर काढणे त्यांना शिकवायचे असेल, तर चाळीस मिनिटांच्या तासात नेमके काय करावे?

रावपुऱ्याचेआजोबा

ताई, ही गोष्ट पंचतंत्रातली आहे. कबुतरांचा राजा चित्रग्रीव, सगळे मिळून जाळे उचलतात आणि हिरण्यक उंदराकडे जातात, उंदीर जाळे कुरतडतो. आम्हाला ती शाळेत होती आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य असे. मुलांनी ‘एकी हेच बळ’ म्हटले ते शंभर टक्के बरोबर आहे. बरोबर उत्तर आल्यावर आपण ते खोदत का बसावे, हे मला कळले नाही. आठ वर्षांच्या मुलाने तात्पर्य पाठ केले, तरी ते पुढे आयुष्यात कधीतरी उपयोगी पडते, असा माझा तरी अनुभव आहे.

चित्रांगी

जातककथांवर चित्र काढण्याचा तास ही फार चांगली कल्पना आहे. माझा सल्ला असा की मुलांना जाळे आधी काढू देऊ नये. जाळे आधी काढले की सगळा कागद चौकटींनी भरून जातो आणि पक्ष्यांना जागाच उरत नाही. आधी पक्षी, मग झुडूप, आणि जाळे सर्वांत शेवटी, तेही पांढऱ्या खडूने. लावा काढायला सोपा आहे, कारण त्याला शेपूट जवळजवळ नसतेच. गुजराती मुलांना ‘लावरी’ म्हटले की लगेच कळेल. नुसते ‘लावा’ म्हटले तर निम्मी मुले ज्वालामुखी काढतील.

शनिवारचीशाळा

चित्रांगीताई, चित्राचा तास नाही हो, बोध काढण्याचा तास आहे. मराठीत दोन्ही ‘काढायचे’ असल्यामुळे दोष माझ्या शीर्षकाचाच. तरीही खडूची सूचना लिहून ठेवली आहे.

आजोबा, कबुतरांची गोष्ट मलाही माहीत आहे, पण त्यात भांडण होत नाही. मी सांगते आहे ती गोष्ट वेगळी असावी, असे मला वाटते.

पोथीवालाकाका

आजोबा अर्धे बरोबर आहेत आणि त्यांची चूक उपयोगाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताईंनी घेतलेली कथा पाली जातकसंग्रहातील तेहेतिसावी, सम्मोदमान जातक. संग्रहात एकूण ५४७ कथा आहेत. पंचतंत्रात आणि हितोपदेशात कबुतरे जाळे घेऊन उडतात तेव्हा खाली पळणारा पारधी मनाशी म्हणतो की आता हे एकजुटीने जाळे नेत आहेत, पण जेव्हा खाली पडतील तेव्हा माझ्या हाती येतील. तिथे त्याची आशा फोल ठरते, कारण कबुतरे वेळेत उंदराच्या बिळाशी पोचतात. लाव्यांच्या जातकात पारधी जवळजवळ हेच बोलतो आणि इथे त्याचे म्हणणे खरे ठरते. पारध्याचे वाक्य सारखे आणि शेवट मात्र उलटे. तेव्हा पहिल्या कथेवर ‘एकी हेच बळ’ हा बोध नीट बसतो, पण दुसऱ्या कथेवर तो अपुरा पडतो. ही कथा एकी असण्याबद्दलची नाही, असलेली एकी कशी सुटते त्याबद्दलची आहे. मुलांनी कबुतरांचा बोध लाव्यांना लावला, आणि तो घाईत लावल्यामुळे गोष्टीचा उत्तरार्ध त्यांच्या कानापर्यंत पोचलाच नाही.

आता मूळ कथेतील एक तपशील सांगतो, जो शालेय आवृत्त्यांतून बहुधा गळालेला असतो. चरायच्या जागी उतरताना एका लाव्याचा पाय नकळत दुसऱ्याच्या डोक्यावर पडतो. ‘माझ्या डोक्यावर कोणी पाय दिला?’ असे तो रागाने विचारतो. पहिला म्हणतो, ‘मीच, पण नकळत पडला, रागावू नकोस.’ म्हणजे चूक कबूल केलेली आहे आणि माफीही मागितलेली आहे. तरीही दुसऱ्याचा राग जात नाही, शब्दाला शब्द वाढत जातो आणि दोघे एकमेकांना ‘जाळे जणू तूच एकटा उचलतोस’ असे टोचू लागतात. पुढच्या वेळी जाळे पडते तेव्हा एक म्हणतो, ‘जाळे उचलताना म्हणे तुझ्या डोक्यावरची पिसे गळाली, आता उचल की.’ दुसरा म्हणतो, ‘तुझ्या तर म्हणे दोन्ही पंखांची पिसे गळाली, आता तू उचल.’ हे चाललेले असताना पारधी स्वतःच जाळे उचलतो आणि सगळ्यांना गोळा करून टोपलीत कोंबतो.

आता मुलांना ‘तात्पर्य काय?’ असे विचारू नका. ‘बिघडले कुठे?’ असे विचारा. पाय पडला तिथे, माफी मिळाली नाही तिथे, की ‘तूच एकटा’ म्हटले गेले तिथे? प्रत्येक ठिकाणाहून वेगळा बोध निघतो आणि कोणता बोध कुठून काढला ते मुलाला बोट ठेवून दाखवता येते. असे बोट ठेवता आले नाही, तर तो बोध गोष्टीतला नाही, घरून आणलेला आहे.

जाता जाता एक गोष्ट, कारण आपण वडोदरेकर आहोत. धर्मानंद कोसंबींना सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊन लेखनाला मोकळे केले नसते, तर मराठीत हे साहित्य इतक्या लवकर आले असते की नाही कोण जाणे. त्यांच्या १९१४ सालच्या ‘बुद्धलीलासारसंग्रहा’चा पहिला भाग बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांचाच आहे.

मकरपुऱ्याचाबाबा

मी शिक्षक नाही, कारखान्यात काम करतो, पण दोन मुलांचा बाप म्हणून शंका विचारतो. पक्ष्या-प्राण्यांच्या गोष्टींतून मुले खरोखर काही उचलतात का? टोरोंटो विद्यापीठातील संशोधकांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग मी वाचला होता. वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट काही मुलांना माणसांची पात्रे असलेल्या चित्रांसह वाचून दाखवली आणि काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांच्या चित्रांसह. मुलांजवळचे स्टिकर त्यांनी दुसऱ्या मुलासाठी किती सोडले, ते आधी आणि नंतर मोजले. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. हे खरे असेल, तर सगळी जातके आणि पंचतंत्र यांचा संस्कारासाठी उपयोग काय, असा प्रश्न पडतो. करमणूक म्हणून सांगा, पण त्यातून वागणूक बदलेल अशी आशा कशाला?

पोथीवालाकाका

बाबासाहेब, तुमचा प्रश्न रास्त आहे. त्याच प्रयोगात असेही दिसले होते की प्राण्यांनाही माणसांसारखे मन असते असे जी मुले मानत होती, त्यांनी जास्त वाटून दिले. म्हणजे अडचण प्राण्यांत नसून प्राण्यापासून माणसापर्यंतच्या पुलात आहे. तिथली मुले चार ते सहा वर्षांची होती आणि ताईंची आठ-नऊ वर्षांची आहेत, हा फरकही आहे. पण मोठ्या वयात हा पूल आपोआप बांधला जातो, असे मी म्हणणार नाही.

पूल नेमका कुठे मोडला, ते मात्र सांगता येते. जातक म्हणजे नुसती लाव्यांची गोष्ट नव्हे. प्रत्येक जातकाची सुरुवात माणसांच्या वर्तमानातील एखाद्या प्रसंगाने होते. मग बुद्ध म्हणतात की हे आजच झाले असे नाही, पूर्वीही झाले होते, आणि पूर्वीची कथा सांगतात. शेवटी ते जोडून देतात, की त्या वेळचा अमुक तो आजचा तमुक. या शेवटच्या जोडणीला समोधान म्हणतात. शालेय पुस्तकांनी काय केले, तर पुढचा माणसांचा प्रसंग कापला, मागची जोडणी कापली, मधली पक्ष्यांची गोष्ट तेवढी ठेवली आणि कापलेल्या जागी एका ओळीचे तात्पर्य चिकटवले. पूल बांधण्याचे काम जे दोन भाग करत होते, तेच गेले.

या जातकाचा वर्तमान प्रसंग तर मराठी मुलांसाठी मुद्दाम ठेवल्यासारखा आहे. कपिलवस्तूजवळ निग्रोधारामात बुद्ध राहत असताना झालेल्या ‘चुंबटक-कलहा’वरून ही कथा सांगितली गेली. चुंबट म्हणजे डोक्यावर ओझे किंवा घडा घेताना खाली ठेवायची कापडाची कडी, म्हणजे आपली चुंबळ. शब्दसुद्धा घरचाच वाटतो. भांडणाचे तिथे नावच येते आणि तपशिलासाठी कुणालजातकाकडे बोट दाखवलेले आहे. तिथे पाहावे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय कसे शस्त्रे घेऊन उभे राहिले, त्याची हकीगत येते. कुठे चुंबळ आणि कुठे नदी! पण मुलांना हे अंतरच सांगण्यासारखे आहे.

तेव्हा तासाचा क्रम जातकाकडूनच घ्यावा. आधी माणसांचे लहानसे भांडण, मग लावे, मग जोडणी.

प्रतापनगरचीआई

जोडणीबद्दल लिहिले म्हणून सांगते. आमच्या मुलाच्या वर्गात मागे एका शिक्षिकेने असेच केले होते. लाव्यांची गोष्ट सांगितली आणि शेवटी मुलांना विचारले, ‘आपल्या वर्गात तो भांडणारा लावा कोण?’ मूळ कथेत तो देवदत्त होता, हेही त्यांनी सांगितले. झाले! सगळ्या वर्गाने माझ्या मुलाकडे पाहिले, कारण त्या आठवड्यात त्याचे डब्यावरून कोणाशी तरी वाजले होते. नंतर दोन महिने मधल्या सुटीत तो ‘देवदत्त’ होता. घरी येऊन त्याने मला विचारले, की मी पुढच्या जन्मीही वाईटच असणार का. मी काय उत्तर देणार? तेव्हापासून जातककथा म्हटले की माझ्या पोटात गोळा येतो. त्याची धाकटी बहीण तर डोक्याला डोके लागले तरी आता त्याला तेच नाव घेऊन चिडवते. घरातली भांडणे कशी थांबवावीत, यावर कोणी काही सांगेल का?

शनिवारचीशाळा

ताई, हे वाचून मी दोन दिवस थांबले. शनिवारी मी जोडणी घेणारच होते आणि बहुधा हाच प्रश्न विचारला असता. काका, समोधानात व्यक्तीचे नाव घेतले जाते, ते टाळून जोडणी करता येईल का?

पोथीवालाकाका

टाळायलाच हवे. समोधानात नाव घेतले जाते, कारण सांगणारा स्वतःचेही नाव घेतो. ‘तो शहाणा लावा मीच होतो’ असे म्हणतो. वर्गात शिक्षक स्वतःला शहाणा लावा म्हणू शकत नाही आणि एका मुलाला देवदत्त म्हणण्याचा अधिकार तर त्याला मुळीच नाही. शिवाय देवदत्त कोण होता, हे आठ वर्षांच्या मुलाला माहीत नसते. त्याला फक्त शिक्का कळतो. म्हणून माणसाशी माणूस जोडू नये, कृतीशी कृती जोडावी. ‘तो लावा कोण?’ असे विचारण्याऐवजी ‘जाळे जणू तूच एकटा उचलतोस, हे वाक्य आपण कोणत्या शब्दांत बोलतो?’ असे विचारावे. तेही आपापल्या वहीत लिहायचे, नावे न घेता, आणि शिक्षकाने ते मोठ्याने वाचायचे नाही.

आणखी एक. बोधाचे वाक्य ‘आपण नेहमी … पाहिजे’ या साच्यात घेऊ नका. त्या साच्यात पडले की मुले ‘चांगले वागले पाहिजे’ म्हणून मोकळी होतात आणि ते वाक्य कोणत्याही गोष्टीला बसते. या जातकाच्या गाथेतच चांगला साचा आहे आणि गंमत म्हणजे ती गाथा बोधिसत्त्वाच्या तोंडी नाही. रोज रिकाम्या हाताने घरी येतो म्हणून पारध्याची बायको त्याच्यावर संशय घेते, तेव्हा पारधी ती म्हणतो : ‘सम्मोदमाना गच्छन्ति, जालमादाय पक्खिनो, यदा ते विवदिस्सन्ति, तदा एहिन्ति मे वसं.’ पक्षी एकमेकांशी गोडीने राहून जाळे घेऊन जातात. जेव्हा ते भांडतील, तेव्हा माझ्या हाती येतील. यदा-तदा, म्हणजे आपले जेव्हा-तेव्हा. मुलांनाही ‘जेव्हा …, तेव्हा …’ याच साच्यात वाक्य करू द्या. ‘जेव्हा’च्या पुढे गोष्टीतील कृती लिहावीच लागते, त्यामुळे नुसती म्हण ठोकून देता येत नाही.

चित्रांगी

आता नीट वाचले. माझ्या गैरसमजातून एक गोष्ट मात्र सुचली. भारहूतच्या स्तूपावर जातके कोरलेली आहेत आणि काहींच्या शेजारी कथेचे नावही आहे. ‘मिग जातकं’ असे नाव असलेल्या एका वर्तुळात हरिण नदीतून माणसाला पाठीवर आणताना दिसते, त्याच वर्तुळात राजा धनुष्य ताणून उभा आहे आणि तिथेच तो हरणापुढे हात जोडूनही उभा आहे. वेगवेगळ्या वेळचे प्रसंग एकाच चौकटीत. शिल्पकाराने कोणते प्रसंग घ्यायचे ते निवडले, म्हणजे गोष्ट कुठे वळते ते त्याने आधी ठरवलेच असणार. तुमच्या तासात चित्र काढायला वेळ नसेल, तर प्रसंगांच्या पट्ट्या कराव्यात आणि मुलांना त्यांतून वळणाची पट्टी निवडायला लावावी.

शनिवारचीशाळा

काल तास झाला. जे घडले ते जसेच्या तसे लिहिते, फसले तेही.

आईकडून एक जुनी चुंबळ मागून नेली. अठरापैकी फक्त दोघांना ती काय असते ते सांगता आले. एकाला ती बांगडी वाटली. पहिली पाच मिनिटे मी चुंबळीचे भांडण सांगितले, पण ते आमच्या वर्गातले नाही, माझ्या मनचे. पोळातल्या नळावर दोघीजणी, एकीने दुसरीची चुंबळ चुकून उचलली, लगेच परत दिली, तरी बोलाचाल थांबली नाही आणि तेवढ्यात नळाचे पाणी गेले. दोघींचे घडे रिकामे. मुले हसली. मग लाव्यांची गोष्ट मी न थांबता सांगितली, माफीच्या वाक्यासकट, दहा मिनिटे.

त्यानंतर गोष्टीच्या सात पट्ट्या ओळीने जमिनीवर मांडल्या : लावे जाळे घेऊन उडतात, पारध्याची बायको बोलते, पाय पडतो, माफी मागितली जाते पण राग जात नाही, ‘जाळे जणू तूच एकटा उचलतोस’, शहाणा लावा आपल्या सोबत्यांना घेऊन निघून जातो, जाळे पडते आणि कोणी उचलत नाही. प्रत्येक मुलाला एकेक चिंचोका दिला आणि सांगितले की जिथे बिघडले असे वाटते, त्या पट्टीवर तो ठेवायचा. पहिल्या फेरीत नऊ चिंचोके पाय पडण्याच्या पट्टीवर आले, पाच ‘तूच एकटा’वर, दोन माफीच्या पट्टीवर आणि दोन शहाणा लावा निघून जातो त्या पट्टीवर. इथे मी चूक केली. माफीच्या पट्टीवर ठेवणाऱ्या मुलीला ‘छान’ म्हणाले, त्याबरोबर चार जणांनी आपले चिंचोके हळूच तिकडे सरकवले. पुढच्या वेळी चेहरा कोरा ठेवायला हवा. सगळे चिंचोके उचलायला सांगून फेरी पुन्हा घेतली.

दुसऱ्या फेरीआधी मी पट्टी उचलून पाहण्याची युक्ती केली. पाय पडण्याची पट्टी उचलली आणि विचारले, ‘हे झालेच नसते, तर लावे कायमचे वाचले असते का?’ काही जण हो म्हणाले. मग एक मुलगा म्हणाला, ‘एवढे पक्षी एका जागी उतरतात, पाय कोणाचा तरी पडणारच.’ त्याचे हे वाक्य ऐकल्यावर बाकीच्यांनी विचार बदलला. दुसऱ्या फेरीत पाय पडण्याच्या पट्टीवर तीनच चिंचोके उरले आणि ते ठेवणारे आपल्या मतावर ठाम होते : खाली बघून उतरायला काय हरकत आहे? मी ते खोडले नाही, कारण त्यांना पट्टी दाखवता येत होती.

वाक्यांकडे मात्र वेळ कमी पडला. दहा मिनिटांत अकरा मुलांची वाक्ये झाली. एक होते, ‘जेव्हा कोणी सॉरी म्हणतो आणि आपण ऐकत नाही, तेव्हा पारध्याचा फायदा होतो.’ दुसरे, ‘जेव्हा सगळे म्हणतात तू उचल, तेव्हा कोणीच उचलत नाही.’ हे दुसरे वाक्य मला स्वतःला सुचले नसते. तीन मुलांनी ‘जेव्हा आपण एकीने राहतो, तेव्हा बळ मिळते’ असे लिहिले, म्हणजे साचा वापरूनही जुनीच म्हण आत बसवली. त्यांना विचारले, ‘हे कबुतरांच्या गोष्टीलाही चालेल का?’ एकीने लगेच चालेल म्हटले आणि मग स्वतःच म्हणाली, ‘म्हणजे हे लाव्यांचे नाही.’ बाकी दोघांना मात्र त्यात गैर काय ते पटले नाही.

वहीतली जोडणी घरी करायला दिली. पुढच्या शनिवारी कळेल.

रावपुऱ्याचेआजोबा

कबुतरे आणि लावे यांत माझी गल्लत झाली, मान्य. तरी तात्पर्य पाठ करण्यात वाईट काय, हे मला अजून पटलेले नाही. त्या तीन मुलांनी जे लिहिले तेही खोटे नाही. ते त्या गोष्टीचे नाही एवढेच.

मकरपुऱ्याचाबाबा

तास वाचून बरे वाटले, पण माझी शंका तशीच आहे. चिंचोका योग्य पट्टीवर ठेवणे आणि मधल्या सुटीत ‘असू दे’ म्हणणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली तुम्ही मोजली. दुसरी कोण मोजणार?

शनिवारचीशाळा

बाबासाहेब, दुसरी मी मोजू शकत नाही, आणि मोजते असा दावाही करत नाही.

प्रतापनगरच्या ताई, घरातल्या भांडणांवर माझ्याकडे उपाय नाही, पण तुमच्या मुलाची हकीगत वाचली नसती तर मी वर्गात नाव विचारले असते. त्याला शक्य असेल तर एखाद्या शनिवारी पाठवा.

काका, एक प्रश्न अडून राहिला आहे. शहाणा लावा निघून जातो त्या पट्टीवर चिंचोका ठेवणाऱ्या दोघांपैकी एक मुलगी दुसऱ्या फेरीतही तिथून हलली नाही. ती म्हणाली, ‘तो आपल्या माणसांना घेऊन गेला. जाताना बाकीच्यांना सांगून गेला का?’ मला उत्तर देता आले नाही.

पोथीवालाकाका

आताच पोथी उघडून पाहिली. नाही सांगत. भांडणाऱ्यांचे कधी भले होत नाही, आता हे जाळे उचलणार नाहीत, मोठा नाश होईल, इथे राहणे शक्य नाही, असा विचार तो मनात करतो आणि आपल्या परिवारासह दुसरीकडे जातो. त्याने ते उरलेल्यांना ऐकवले, असे कुठे लिहिलेले नाही.

रावपुऱ्याचेआजोबा

भांडणाऱ्यांना सांगून ऐकले असते का? शहाण्याने निघून जाणेच योग्य.

प्रतापनगरचीआई

माझ्या मुलाला कोणी काही सांगितले नव्हते, आजोबा. सगळे नुसते बाजूला झाले होते. त्या मुलीचा प्रश्न बरोबर आहे.

पोथीवालाकाका

मी दोन्हीकडे ओढला जातो. ज्यांनी कथा जपली, त्यांना बोधिसत्त्वाचे जाणे शहाणपणाचेच वाटले, हे तर उघड आहे. पण त्या मुलीने बोट ठेवले ती जागा कथेत खरोखरच रिकामी आहे.

शनिवारचीशाळा

मग पुढच्या शनिवारी सातऐवजी आठ पट्ट्या नेते. सहावीच्या आधी एक कोरी पट्टी ठेवीन आणि जाण्यापूर्वी शहाणा लावा काय बोलला असता, ते मुलांनाच तिच्यावर लिहायला सांगेन. चित्रांगीताई, तुमचा पांढरा खडूही आणते आहे.